दिवसा स्पीकर, रात्री हेडफोन: ऐकण्याचा आवाज एकदाच कसा ठरवून घ्यावा

कांदिवलीतल्या माझ्या खोलीत दिवसा स्पीकर वाजतात आणि रात्री दहानंतर हेडफोन. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं तान्हं बाळ झोपतं, त्यामुळे रात्री स्पीकर लावायचा प्रश्नच येत नाही. एकच गाणं मी अर्धं स्पीकरवर आणि अर्धं हेडफोनवर मिक्स करतो. बरीच वर्षं मला वाटायचं की दोन्हींवर गाणं वेगळं ऐकू येतं ते दोन्ही यंत्रांचा स्वभाव वेगळा म्हणून. ते खरंच आहे, पण त्याहून मोठं कारण साधं होतं. दोन्हींचा आवाज मी कधी मोजून सारखा केलाच नव्हता.

हे कळलं एका भावगीताच्या वेळी. तबला, पेटी, व्हायोलिन आणि गायिकेचा आवाज, एवढंच गाणं. रात्री हेडफोनवर डग्गा फार घुमतोय असं वाटलं, म्हणून १०० हर्ट्झच्या आसपास अडीच डेसिबल कापले आणि फाइल पाठवून झोपलो. सकाळी तबलजी काकांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "अरे, माझा डग्गा कुठे ठेवलास?" स्पीकरवर लावून पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. तबल्याची चाट तेवढी टकटक ऐकू येत होती आणि खालचा घुमारा गेला होता. पुढे दोन्हींचा आवाज मोजून जुळवला तेव्हा लक्षात आलं, की त्या रात्री हेडफोन स्पीकरपेक्षा साधारण नऊ डेसिबल मोठे होते.

या नऊ डेसिबलांचा आणि त्या अडीच डेसिबलांचा थेट संबंध आहे. आपला कान खालचे सूर आणि मधले सूर सारख्या प्रमाणात ऐकत नाही. आवाज कमी केला की खालचे सूर मधल्यांपेक्षा जास्त वेगाने पुसट होतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून मांडलं आणि आज त्याच्या सुधारित आलेखांना आयएसओ २२६ हे मानक आहे. त्या आलेखांनुसार ८० डेसिबलच्या आसपास ऐकत असताना आवाज दहा डेसिबल खाली आणला, तर १०० हर्ट्झचा सूर मधल्या सुरांच्या तुलनेत साधारण तीन डेसिबलने कमी झाल्यासारखा वाटतो. उलट दिशेनेही तेच होतं. मी हेडफोनवर नऊ डेसिबल मोठ्याने ऐकत होतो, त्यामुळे डग्गा पावणेतीन डेसिबलच्या आसपास फुगलेला वाटला आणि मी अडीच कापले. कान चुकला नव्हता, त्याच्यासमोर मोजपट्टीच दुसरी ठेवली होती.

म्हणून खाली दोनच कामं सांगतो. पहिलं, स्पीकरचा आवाज एका आकड्यावर बांधायचा. दुसरं, हेडफोनचा आवाज त्या स्पीकरशी कानाने जुळवायचा. पहिल्याला तासभर लागतो. दुसऱ्याला तीन दिवस रोज दहा मिनिटं लागतात, आणि ते दहा मिनिटांचं काम एका दिवसात उरकू नये.

खोली आणि मोबाइल

मोजायला साउंड लेव्हल मीटर असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइल चालतो, पण आधी त्याची परीक्षा घ्यायला हवी. आयफोनवर NIOSH SLM हे मोफत अ‍ॅप आहे, ते मी वापरतो. अँड्रॉइड फोनांत प्रत्येक कंपनीचा माइक वेगळा असतो आणि काही फोन आवाज मोठा झाला की तो आपोआप दाबतात. हे ओळखायची सोपी युक्ती अशी: स्पीकरवर स्थिर आवाजाचा नॉइज लावा, अ‍ॅपवरचा आकडा टिपा, मग सॉफ्टवेअरमधून बरोबर सहा डेसिबल वाढवा. अ‍ॅपवरही सहाच वाढले तर फोन कामाचा. चारच वाढले तर तो फोन आवाज दाबतोय, त्याच्यावर विसंबून काही ठरवू नका. हीच परीक्षा सहा डेसिबल खाली आणूनही करून पाहा. फोनचा आकडा खऱ्यापेक्षा दोन डेसिबल इकडेतिकडे असेल तर त्याची चिंता नको. रोज तोच फोन, तेच अ‍ॅप आणि तीच जागा ठेवली तर ती चूकही रोज तेवढीच राहते. फोनचं कव्हर मात्र काढा, कारण पुष्कळ कव्हरं खालचा माइक अर्धवट झाकतात.

मुंबईत खोली शांत करणं हा एक वेगळाच उद्योग आहे. खिडकी बंद, पंखा बंद, एसी बंद, आणि पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर सरी वाजत असतील तर थांबा. नॉइज लावायच्या आधी रिकाम्या खोलीचा आकडा टिपा. तो आपल्या लक्ष्यापेक्षा, म्हणजे स्पीकर ज्या ७४ डेसिबलवर बांधणार आहोत त्यापेक्षा, किमान दहा डेसिबल खाली असला पाहिजे. तेवढं अंतर असलं की बाहेरच्या आवाजाने मोजमापात अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी चूक येते. मीटरवर सी वेटिंग आणि स्लो हे दोन पर्याय ठेवतात. माझ्याकडे अडचण अशी की हायवेची घरघर सी वेटिंगमध्ये पुरेपूर मोजली जाते आणि रिकाम्या खोलीचाच आकडा साठच्या पुढे जातो. अशा वेळी ए वेटिंग वापरलं तरी चालतं. ते खालची घरघर वगळतं, आणि आपण जो मधल्या पट्ट्यातला नॉइज वापरणार आहोत त्यासाठी ए आणि सी यांच्या आकड्यांत एक डेसिबलचाही फरक पडत नाही. एकदा निवडलं की मात्र तेच कायम ठेवायचं.

कोणता नॉइज, आणि तो किती मोठा

बहुतेक लोक पूर्ण पट्ट्याचा पिंक नॉइज लावतात आणि लहान खोलीत तिथेच फसतात. माझी खोली दहा फूट बाय अकरा फूट आहे. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास आणि अकरा फुटांच्या भिंतींमध्ये ५१ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते. या खालच्या लाटांमुळे फोन वीतभर सरकवला तरी आकडा दोनतीन डेसिबल उडतो. आपल्याला मोजायचा असतो स्पीकरचा आवाज, आणि मोजली जाते खोलीची गुणगुण. म्हणून ५०० ते २००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला पिंक नॉइज घ्या. REW या मोफत सॉफ्टवेअरच्या जनरेटरमध्ये Pink noise खाली Speaker Cal नावाचा पर्याय आहे, तो हाच. फाइल बनवून ठेवायची असेल तर कमांड लाइनवर चालणारं sox वापरा:

```
sox -n -r 48000 -b 24 -c 1 noise.wav synth 60 pinknoise sinc 500-2000
sox noise.wav -n stats
```

दुसऱ्या ओळीनंतर जो तक्ता येतो त्यात RMS lev dB हा आकडा बघा. तो बरोबर -२० व्हायला हवा. समजा तो -२४.६ दिसला, तर ४.६ वाढवायचे:

```
sox noise.wav noise20.wav gain 4.6
```

ही पायरी गाळू नका. पूर्ण पिंक नॉइज -२० वर होता आणि मग तुम्ही इक्वलायझरने त्याचा वरचा-खालचा भाग कापला, तर दहा सप्तकांतली दोनच उरतात आणि आवाज साधारण सात डेसिबलने उतरतो. तो तसाच वापरून स्पीकर ७४ वर आणला तर स्पीकर सात डेसिबल जास्त मोठे बसतात. आणखी एक छोटी खाच आहे. काही मीटर शिखरापर्यंत पोचलेल्या साइन लहरीला शून्य म्हणतात आणि काही तिला -३ म्हणतात. sox दुसऱ्या जातीतलं. REW मध्ये Full scale sine rms is 0 dBFS अशी खूण सेटिंगमध्ये आहे. ती लावलेली नसेल तर दोघांचे आकडे जुळतात. कुठलंही धरा, पण कोणतं धरलं ते वहीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तीन डेसिबलचा घोळ होतो आणि तो शोधता शोधता दिवस जातो.

स्पीकर बांधणे

किती डेसिबलवर बांधायचं? सिनेमाच्या मोठ्या मिक्सिंग थिएटरमध्ये पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरला ८५ धरतात. हा आकडा पाठ करून पुष्कळ जण बेडरूममध्येही ८५ लावतात आणि अर्ध्या तासात कान बधिर होतात. लहान खोलीत स्पीकर जवळ असतो, भिंती जवळ असतात, तिथे तोच आकडा फार मोठा वाटतो. अमेरिकेतल्या टीव्ही प्रसारणासाठीच्या एटीएससी ए/८५ या शिफारशीत खोलीच्या घनफळानुसार आकडे दिलेले आहेत. २०,००० घनफुटांपेक्षा मोठ्या खोलीला ८२, आणि १,५०० घनफुटांपेक्षा लहान खोलीला ७४. माझी खोली दहा गुणिले अकरा गुणिले साडेनऊ, म्हणजे १,०४५ घनफूट. मुंबईतल्या बहुतेक बेडरूम याच गटात बसतील. मी ७४ धरला आणि अजून बदलावासा वाटलेला नाही.

आता खुर्चीत बसल्यावर डोकं जिथे असतं तिथे फोन स्टँडवर लावा आणि स्वतः बाजूला व्हा, कारण अंगावरून परतणारा आवाजही आकडा बदलतो. सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या फेडरांना शून्यावर ठेवा, कॉम्प्युटरचा सिस्टिम व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. नॉइज फक्त डाव्या स्पीकरला द्या. इंटरफेसचं मोठं गोल बटण हळूहळू फिरवून आकडा ७४ वर आणा. स्लो मोडमध्येही आकडा थोडा हलत राहतो, म्हणून वीस-तीस सेकंद बघून मधला धरा. मग तोच नॉइज फक्त उजव्याला द्या. माझ्याकडे डावीकडे लोखंडी कपाट आणि उजवीकडे बाल्कनीचं दार आहे, त्यामुळे उजवा ७२.८ दाखवत होता. असा फरक असेल तर मुख्य बटणाला हात लावू नका. स्पीकरच्या मागे जो गेन असतो तो फिरवून दोन्ही अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. या एका फरकामुळे मी कित्येक गाण्यांत गायिकेचा आवाज मधोमध आणायला पॅन उजवीकडे ढकलत होतो.

मग दोन्ही स्पीकर एकत्र वाजवा. दोन्हींना वेगवेगळा नॉइज दिला असेल तर आकडा ७७ च्या जवळ येतो. एकच मोनो नॉइज दोन्हींना दिला तर मधोमध तो याहून जास्त दिसतो आणि फोन जरा सरकवला की उतरतो, कारण दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून कुठे वाढतात, कुठे कापल्या जातात. घाबरू नका, हे बरोबर आहे. बांधायचा आकडा एकेका स्पीकरचाच.

झालं की बटणाच्या कडेला आणि पॅनेलवर पांढऱ्या टेपची बारीक पट्टी लावून रेघ मारा. आजपासून हे बटण मिक्स करताना फिरवायचं नाही. आवाज मोठा वाटला तर मिक्सचे फेडर खाली आणायचे, लहान वाटला तर वर न्यायचे. मला सुरुवातीला हात बांधल्यासारखं वाटलं. दोन आठवड्यांत कानालाच कळायला लागलं की गायिकेचा आवाज कुठे बसला की गाणं बसतं.

या बांधणीचा एक परिणाम लगेच समोर येतो. एका बाजूला -२० म्हणजे ७४, तर दोन्ही मिळून ७७ म्हणजे लाउडनेस मीटरवर जवळपास -१७ एलयूएफएस. त्याच हिशेबाने -२० एलयूएफएसचं मिक्स ७४ च्या आसपास वाजतं, ते तासन् तास ऐकायला सोपं आहे. बाजारातलं मास्टर झालेलं गाणं मात्र -९ वर असेल तर ते ८५ च्या आसपास आदळतं. तुलनेसाठी असं गाणं लावलं की हात आपोआप बटणाकडे जातो. तिथे हात आवरा आणि त्या गाण्याच्या ट्रॅकलाच खाली आणा. माझं मिक्स -१९.४ आणि तुलनेचं गाणं -८.६ असेल, तर त्या ट्रॅकवर -१०.८ लावतो. यासाठी Youlean Loudness Meter हे मोफत प्लगइन पुरतं.

हेडफोन मोबाइलने का मोजू नये

इथे बहुतेकांना सुचतं की हेडफोनची एक वाटी फोनच्या माइकवर दाबून धरावी आणि तिथेही ७४ आणावा. मीही ते केलं. वाटी किती घट्ट दाबली त्यावर आकडा पाच-सहा डेसिबल हलतो, आणि खालचे सूर तर फटीतून निसटूनच जातात. पण समजा तुमच्याकडे प्रयोगशाळेतलं कृत्रिम डोकं असलं आणि आकडा अचूक मिळाला, तरी उत्तर चुकीचंच येईल. मन्सन आणि वीनर यांनी १९५२ साली 'हरवलेले सहा डेसिबल' शोधण्यावर निबंध लिहिला होता. कानाशी तेवढाच दाब असताना हेडफोनचा आवाज, विशेषतः खालच्या पट्ट्यात, खोलीतल्या स्पीकरपेक्षा लहान वाटतो, हे त्या काळातल्या मोजमापांत वारंवार दिसत होतं. स्पीकरचा आवाज समोरून येतो, छातीला लागतो, खोली त्यात भर घालते. हेडफोनमध्ये यातलं काहीच नसतं. त्यामुळे दोन्हीकडे आकडा सारखा असणं आणि दोन्हीकडे आवाज सारखा वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुसरी हवी. म्हणून इथे मीटर बाजूला ठेवा आणि कानाने जुळवा.

हेडफोन जुळवणे

आधी व्यवस्था. पुष्कळ इंटरफेसमध्ये हेडफोनचं बटण वेगळं असतं, पण त्याच्यावर आकडे नसतात, आणि अशा बटणाने रोज तीच जागा गाठणं अवघड. म्हणून हेडफोनचं बटण एका सोयीच्या जागी ठेवून त्यालाही टेप लावा, आणि जुळवणी सॉफ्टवेअरमधल्या आकड्याने करा. मी रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये View मधून Monitoring FX उघडतो आणि तिथे JS: Volume Adjustment टाकतो. ही साखळी फक्त ऐकण्यासाठी असते, एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये ती उतरत नाही. स्पीकरवर ऐकताना तो बंद, हेडफोनवर ऐकताना चालू. बटणाची जागा अशी निवडा की सॉफ्टवेअरमध्ये पाच ते पंधरा डेसिबलच कमी करावे लागतील. बटण पूर्ण उघडून सॉफ्टवेअरमध्ये चाळीस डेसिबल कापून ठेवले, तर एखाद्या दिवशी ते प्लगइन बंद राहील आणि कानावर हातोडा बसेल.

कशावर जुळवायचं? नॉइजपेक्षा माणसाचा बोलण्याचा आवाज मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण बोलणारा किती जवळ आहे हे कान जन्मभर ओळखत आलेला असतो. घरातल्या कुणाला तरी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद शांतपणे वाचायला सांगा, माइक तोंडापासून वीतभर ठेवा आणि रेकॉर्ड करा. माझ्या आईने वाचलेला एक मिनिटाचा तुकडा मी यासाठी ठेवला आहे. त्यावर रिव्हर्ब नको. मोनो ठेवा आणि लाउडनेस मीटरवर -२० एलयूएफएसला आणा.

आता ते वाचन स्पीकरवर पाच सेकंद ऐका, स्पीकर बंद करा, हेडफोन चढवा, पाच सेकंद ऐका. हेडफोन गळ्यात अडकवून ठेवले तर बदल झटकन होतो, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण आवाज किती मोठा होता याची आठवण पाच-सात सेकंदांत सैल पडते. हेडफोन कानावर असताना स्पीकर ऐकू नका, वाटी वरचे सूर अडवते आणि तुलना बिघडते. दोन्हीकडे आई तेवढ्याच अंतरावरून, तेवढ्याच जोराने बोलतेय असं वाटेपर्यंत प्लगइनचा आकडा बदलत जा.

पण एकदा जुळलं म्हणून थांबू नका. मोठ्या आवाजाकडून उतरत आलात तर आपण जरा मोठ्यावरच थांबतो, लहान आवाजाकडून चढत आलात तर जरा लहानावर. प्रत्येकाच्या कानाचं असंच होतं. म्हणून सहा वेळा करा, तीनदा मुद्दाम मोठ्यावरून सुरू करून आणि तीनदा लहानावरून. आकड्याकडे न बघता फिरवा आणि ठरल्यावरच तो टिपा. माझे पहिल्या दिवसाचे सहा आकडे असे होते: -९, -१२, -१०, -११.५, -१०.५, -१०.५. बेरीज -६३.५, सरासरी -१०.६. मोठ्यावरून उतरलेले तिन्ही आकडे -९ ते -१०.५ मध्ये, चढत आलेले -१०.५ ते -१२ मध्ये. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सरासरी अर्ध्या डेसिबलच्या आतच हलली, म्हणून मी -१०.५ पक्का केला. सहा आकड्यांमधलं अंतर चार डेसिबलपेक्षा जास्त आलं तर त्या दिवशी कान थकलेला आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशी करा. विरार लोकलमधून उभं राहून आल्यावर मी हे कधीच करत नाही. अर्धा-पाऊण तास शांत बसल्यावर कान ताळ्यावर येतो.

चष्मा असेल तर ज्या चष्म्याने रोज काम करता तोच घालून जुळवा. बंद वाटीच्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीने फट राहते आणि खालचे सूर कमी होतात. मध्यम पट्टा जुळला तरी डग्गा हलका वाटायचं हे एक कारण असतं. हेडफोन सुधारणारं इक्वलायझर किंवा क्रॉसफीड वापरत असाल तर ते चालू करूनच जुळवा. SoundID Reference मध्ये Safe Headroom चालू असलं की आवाज काही डेसिबल खाली येतो. ते मध्येच चालू-बंद केलं तर सगळी जुळवणी वाया जाते, आणि आपल्याला वाटतं की सुधारणेमुळे आवाज पातळ झाला.

जुळल्यावर उरतो तो फरक

आवाज जुळला की पहिल्यांदाच दोन यंत्रांचा खरा फरक ऐकू येतो. आता तीन ओळखीची गाणी घ्या, सगळी -२० एलयूएफएसला आणा आणि आलटून पालटून ऐका. माझ्या वहीत त्या दिवशी तीन ओळी लिहिल्या गेल्या. हेडफोनवर रिव्हर्ब मोठा वाटतो. हेडफोनवर व्हायोलिन कानाच्या पार बाहेर जातं. डग्गा मात्र जवळपास सारखाच. ज्या डग्ग्यावरून काकांची बोलणी खाल्ली, त्यात यंत्रांचा दोष फारसा नव्हताच.

रिव्हर्बच्या फरकाचं कारण निम्मं आमच्या शहरात आहे. दिवसा पंखा फिरत असतो, खाली रिक्षा, समोर बांधकाम. रिव्हर्बची शेपूट इतकी बारीक असते की ती या आवाजाखाली झाकली जाते. म्हणून दिवसा स्पीकरवर मी रिव्हर्ब वाढवत न्यायचो. रात्री बंद वाटीच्या हेडफोनमध्ये पंखा ऐकूच येत नाही आणि तीच शेपूट उघडी पडते. आवाजाची पातळी बदलून यावर उपाय होत नाही. मी आता रिव्हर्ब किती लांब आणि किती मोठा हे रात्रीच ठरवतो. क्लिक, श्वास, चुकीचं कापलेलं संपादन हेही रात्रीच. गायिका आणि तबला यांचं प्रमाण, व्हायोलिन किती बाजूला ठेवायचं, हे मात्र स्पीकरवरच, दिवसा. रात्री हेडफोनवर प्रमाणात काही बदललं तर एका वेळी एक डेसिबलच्या वर जात नाही आणि वहीत लिहून ठेवतो.

ते भावगीत मी या जुळवणीनंतर पुन्हा उघडलं. रात्री हेडफोनवर डग्गा ऐकला, या वेळी तो फुगलेला वाटला नाही. १०० हर्ट्झचा काप काढून टाकला. सकाळी स्पीकरवर अर्धा डेसिबल कमी करावासा वाटला, तेवढाच केला. काकांना फाइल पाठवली. संध्याकाळी उत्तर आलं: "आता हात दिसतोय."

जुळवणी टिकवणे

सोमवारी सकाळी, रहदारी वाढायच्या आधी, पाच मिनिटं नॉइज लावतो आणि दोन्ही स्पीकरचे आकडे बघतो. एका डेसिबलच्या आत असेल तर पुढे. दोन्ही सारखेच सरकले असतील तर बहुतेक वेळा सिस्टिम व्हॉल्यूम कुणीतरी खाली केलेला असतो, किंवा अपडेटनंतर कॉम्प्युटरने आवाज 'सुधारायचा' पर्याय स्वतःच चालू केलेला असतो. एकच स्पीकर सरकला असेल तर केबल किंवा स्पीकरमागचा गेन बघतो. पावसाळ्यात जॅकवर चढलेल्या गंजामुळे एकदा असंच झालं होतं आणि जॅक पुसल्यावर दीड डेसिबल परत आले. आकडे ठीक आहेत पण कानाला काहीतरी वेगळं वाटतंय, असं झालं तर आईचं वाचन लावून हेडफोनची जुळवणी पुन्हा पाहतो. हेडफोनच्या गाद्या बदलल्या की तर ती पाहावीच लागते. माझ्या जुन्या, चपट्या झालेल्या गाद्या बदलल्यावर -१०.५ चा आकडा -९ झाला, कारण नव्या गाद्यांनी ड्रायव्हर कानापासून जरा लांब गेला होता.

कांदिवलीची ही खोली सोडून दुसरीकडे गेलो तर स्पीकरचं सगळं मोजमाप नव्याने करावं लागेल, आणि त्यामागोमाग हेडफोनचंही, कारण हेडफोन त्या खोलीतल्या स्पीकरशी जुळवलेले असतात. वहीच्या पहिल्या पानावर मी म्हणूनच खोलीची मापं, फोनचं मॉडेल, अ‍ॅप, वेटिंग, नॉइजची फाइल आणि दोन्ही आकडे एकत्र लिहून ठेवले आहेत.